नफा डाव्या बाजूला का लिहितात

माझा ताळेबंद जुळला नाही, असं उभ्या नोकरीत एकदाही झालं नाही. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. चुकला मात्र एकदा, आणि तोही पैशापर्यंत जुळलेला असताना चुकला, भर सभेत, चाळीस विणकरांसमोर. त्या दिवसाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा न चुकलेल्या बाकीच्या सगळ्या वर्षांचा मिळून नाही. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून सविस्तर सांगतो.

माझं गाव जळकोट. शाळा निजामाच्या अमलात झाली, त्यामुळं पहिले हिशेब शिकलो ते उर्दूत. वहीचं पान उजवीकडून उघडायचं आणि पहिली बाजू म्हणजे उजवी. पुढं विलीनीकरण झालं, काही वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांची भाषा बदलली, आणि चांगली मिशी फुटलेला मी सहकार खात्याच्या हिशेबाच्या वर्गात पहिल्यापासून मुळाक्षरं गिरवायला बसलो. वर्गात पहिला आलो. हे सांगायची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नेमणूक मिळाली ती भूमकडच्या कोरड्या भागातल्या एका गावात, घोंगडी विणणाऱ्यांच्या सोसायटीत, सेक्रेटरी म्हणून. हाताखाली कुणी नाही. कारकून मी, भांडारी मी आणि झाडू मारणाराही मीच. सोसायटी दोन वर्षांची. चाळीस विणकर, प्रत्येकाचा पंचवीस रुपयांचा एक शेअर. सोसायटी मेंढ्यांच्या कातरणीच्या वेळी लोकर विकत घ्यायची, बायकांकडून ती मजुरीनं कातून घ्यायची, सूत तोलून विणकराला द्यायची. विणकर घरच्या मागावर घोंगडी विणून आणायचा. ती पुन्हा तोलायची, मजुरी द्यायची, कोपऱ्याला किमतीची चिठ्ठी दोऱ्यानं शिवायची आणि गोदामात रचायची. मग आठवडी बाजार आणि जत्रा. यापूर्वी ही माणसं व्यापारी देईल त्या भावाला घोंगडी टाकून यायची. व्यापाऱ्यानं घोंगडी उलटीपालटी करून नाक मुरडलं की भाव दोन रुपयांनी खाली. सोसायटी बुडाली तर पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या ओट्यावर जायचं, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

अध्यक्ष म्हणजे एक म्हातारा विणकर. त्यांना सही येत नव्हती, पण घोंगडीच्या काठावरून अंगठा फिरवला की कुणाच्या मागावरची ते सांगायचे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. मामांना माझ्या वह्यांचं भारी कौतुक. मी लिहीत असलो की शेजारी येऊन बसायचे आणि विचारायचे, "ह्ये दोनदा कशापायी लिव्हताव?"

मी सांगायचो, की व्यवहाराला दोन अंगं असतात. लोकर घेतली तर लोकर वाढली आणि रोकड घटली. सरकारी बँकेचं कर्ज आलं तर रोकड वाढली आणि देणंही वाढलं. दोन्ही अंगं लिहायची, एक सोडलं की वही लंगडते. मामा मान हलवायचे. समजलं म्हणून हलवायचे की मला बरं वाटावं म्हणून, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्या वर्षी जूनअखेर सगळ्या खात्यांच्या बाकी एका कागदावर काढल्या. त्याला तेरीज म्हणतात. डावी बेरीज आणि उजवी बेरीज सारखी यायला हवी. आली नाही, छत्तीस रुपयांचा फरक. दुसरा कुणी असता तर सगळ्या वह्या पहिल्यापासून चाळत बसला असता. मी छत्तीसचे अर्धे केले आणि अठराची नोंद शोधली. कारण रक्कम चुकून दुसऱ्या बाजूला पडली तर एकीकडं कमी होते आणि दुसरीकडं जास्त, फरक दुपटीनं दिसतो. चहा निवायच्या आत सापडली. अठरा रुपयांची सूतकताई माझ्या उर्दूत वळलेल्या हातानं उलट्या बाजूला टाकली होती. ती फिरवली आणि दोन्ही बेरजा अशा जुळल्या, की मी एकटाच उठून गोदामात दोन फेऱ्या मारून आलो. इतकी अक्कल असलेल्या माणसाकडून पुढं काय झालं ते आता ऐका.

तेरजेवरून ताळेबंद केला. ऑडिटर यायला अजून महिना होता, पण मामांचं म्हणणं पडलं की आधी आपल्या माणसांना दाखवा, सायबाला मागून. मी दोन मोठे कागद एकमेकांना जोडले आणि ठळक अक्षरात ताळेबंद लिहून गोदामाच्या भिंतीवर चिकटवला. चिकटवायला चिंचोक्याची खळ वापरली. तीच खळ, जी घोंगडीला ताठपणा यावा म्हणून विणकर लावतात.

कागदाच्या डाव्या बाजूला वर लिहिलं होतं, भांडवल व देणी. शेअर भांडवल एक हजार. बँकेचं कर्ज दोन हजार. मागच्या वर्षीच्या नफ्यातून बाजूला ठेवलेला राखीव निधी दोनशे. यंदाचा नफा सहाशे. बेरीज तीन हजार आठशे.

उजव्या बाजूला, मालमत्ता व येणी. रोकड व बँकेतली शिल्लक पाचशे. लोकर आणि सूत सहाशे. तयार घोंगड्या शंभर नग, दोन हजार. भूमच्या दुकानदाराकडून येणं तीनशे. तराजू, चरखे आणि सोसायटीचे माग चारशे. बेरीज तीन हजार आठशे.

सभा दुपारी भरली. माणसं पोत्यांवर, घोंगड्यांच्या थप्प्यांना टेकून बसली. दाराशी सूत कातणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. मी काठी घेऊन एकेक ओळ वाचून दाखवली आणि शेवटी दोन्ही बेरजांखाली काठी आपटली. टाळ्या पडतील अशी माझी अपेक्षा होती. पडल्या नाहीत.

एक विणकर उठला. वय चाळिशीचं, आवाज मोठा, आणि गावात कुणाच्याही बारशात भांडण काढण्याबद्दल प्रसिद्ध. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलं होतं. तो कागदाजवळ आला आणि म्हणाला, "सेक्रेटरी, इकडं अडतीसशे, तिकडं बी अडतीसशे. म्हंजी जेवढं हाय तेवढंच देणं. मग आमच्या पदरात काय, भोपळा?"

सभेत हशा झाला. तो आणखी पुढं आला. "आन् नफा देण्याच्या बाजूला कशापायी लिव्हला? नफा बी कुणाला द्यायाचा हाय का? व्यापाऱ्यानं न्हाय कधी असं केलं."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली आनंदच जास्त होता, कारण असला प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नव्हता आणि उत्तर मला तोंडपाठ होतं. मी म्हणालो, "उजव्या बाजूला काय आहे ते लिहिलंय. डाव्या बाजूला ते कुणाचं आहे ते लिहिलंय. वस्तू त्याच, फक्त दोनदा विचारलं. सोसायटी म्हणजे एक वेगळी पेटी समजा. तिच्यात अडतीसशेची वस्तू आहे. त्यातले दोन हजार बँकेचे. उरलेले अठराशे कुणाचे?"

मी काठी डाव्या बाजूवर टेकवली.

"तुमचे," मी म्हणालो. "शेअरचे हजार तुम्ही घातले. राखीव दोनशे तुमच्या मागच्या नफ्यातले. सहाशे यंदाचे. सोसायटी ते तुम्हाला देणं लागते, म्हणून डाव्या बाजूला. आणि दोन्ही बेरजा जुळतात यात माझी करामत काही नाही. आहे त्यातून दुसऱ्याचं वजा केलं की जे उरतं त्यालाच आपलं म्हणायचं आणि डावीकडं मांडायचं. मग न जुळून जाईल कुठं?"

हे मी फार छान सांगितलं. आजही मला याहून सोपं सांगता येत नाही. आणि याच छान सांगण्यानं घात केला. तो विणकर वळून सभेला म्हणाला, "ऐकलं का रं? सहाशे आपले हायत! सेक्रेटरीनंच सांगितलं. मग वाटून टाका की!"

गोदामात एकच गलका उठला. नियमानं चौथा हिस्सा, म्हणजे दीडशे, राखीव निधीत टाकावा लागतो. तो टाकूनही विणकरांना प्रत्येकी दहा रुपये बोनस सहज देता येतो, हे त्यांनी बोटांवर मोजून काढलं. चाळीस जणांचे चारशे. दहा रुपये म्हणजे त्या वेळी दोन घोंगड्यांच्या विणकाईहून जास्त. त्याच्या डोळ्यांत मला मुलीचं लग्न दिसत होतं, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं तर आवाज कुणाला ऐकू जाईना.

बोलायचं होतं ते असं, की रोकड पाचशेच आहे आणि दिवाळीनंतर बँकेचा चारशेचा हप्ता आहे. बोनस दिला तर शंभर उरतात. हप्ता चुकला तर लोकरीसाठी नवं कर्ज नाही, आणि लोकर नाही तर सोसायटी नाही. पण कागदावर नफा सहाशे लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात. नफा आहे तर पैसे का नाहीत, याला मी काय सांगणार?

मामांनी हात वर केला. गलका थांबला. ते सावकाश उठले, कागदाजवळ आले. वाचता येत नसल्यामुळं त्यांनी मलाच विचारलं, "सेक्रेटरी, ह्ये सहाशे उजवीकडं कुठल्या वळीत हायत?"

"कुठल्याच एका ओळीत नाहीत, मामा. सगळ्यांत मिळून आहेत. रोकडीत, लोकरीत, घोंगड्यांत."

"घोंगड्या शंभर. दोन हजार. म्हंजी एकीला वीस रुपये?"

"हो."

"कुणी घेतल्या?"

"अजून कुणीच नाही."

मामांनी जवळच्या थप्पीतली एक घोंगडी ओढली, तिच्या कोपऱ्याला शिवलेली चिठ्ठी बोटात धरली. "ही तुमी बघितली व्हय मोजताना?"

बघितली होतीच. जूनअखेर साठा मोजायला मी गोदामात बसलो, एकेक घोंगडी उलगडली, चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि लिहिली. चिठ्ठीवर असते ती विकायची किंमत. वर्गात मी परीक्षेच्या कागदावर लिहून आलो होतो, की न विकलेला माल त्यावर झालेल्या खर्चाच्या किंवा बाजारच्या किमतीला, जी कमी असेल ती, धरावा. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. आणि इथं प्रत्येक घोंगडीला किंमत शिवलेली आयती मिळाल्यावर मी ती मुकाट्यानं उतरवून घेतली होती. बाजारात तुरी, म्हणतात ते हेच.

मामांनी घोंगडीवर हाताचा पंजा जोरात मारला. पांढरी धूळ उडाली. सभेकडं बघून ते म्हणाले, "सूत तीन शेर दिलं, घोंगडी तीन शेर आली. वजन जुळलं. म्हनून लोकर तेवढीच आली व्हय? खळ जास्त थापली की वजन जुळतंयच. आपल्यातल्यांनीच केलंय ह्ये, मला नावं घ्याया लावू नका." पुढच्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. मग मामा माझ्याकडं वळले आणि अगदी हळू, मायेनं म्हणाले, "सेक्रेटरी, तुमच्या कागदाला बी जरा खळ जास्त झाली."

तोंडात मारल्यासारखं झालं. मला राग लवकर येतो, हे घरच्यांना विचारा. त्या क्षणी मनात आलं, की अंगठेबहाद्दरानं मला हिशेब शिकवावा काय? बेरजा जुळतात, ऑडिटरनं पास केला असता तर केला असता, कागद माझा आहे. पण त्यांनी उडवलेली धूळ अजून हवेत होती आणि ती मला दिसत होती. मी दौत मागवली.

सगळ्यांसमोर मी एका घोंगडीचा खर्च मोठ्यानं मांडला आणि प्रत्येक आकडा त्यांच्याकडूनच विचारून घेतला. लोकर आठ रुपये. सूतकताई दोन, हे दारातल्या बायकांनी सांगितलं. विणकाई साडेचार. खळीचा आणि धुलाईचा आठ आणे. एकूण पंधरा. शंभर घोंगड्यांचे पंधराशे. मी उजव्या बाजूचे दोन हजार खोडले आणि पंधराशे लिहिले. बेरीज अडतीसशेची तेहेतीसशे झाली.

"आता न्हाय जुळत," तो मोठ्या आवाजाचा विणकर म्हणाला. त्याच्या आवाजातला जोर मात्र गेला होता.

"जुळेल," मी म्हणालो. "उजवीकडचे पाचशे कमी झाले. आता तूच सांग, डावीकडं कुणाचे कमी करू?"

तो कागदाजवळ आला. त्यालाही अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत काय आहे ते मघापासून ऐकून पाठ झालं होतं. त्यानं कर्जाच्या ओळीवर बोट ठेवलं. "बँकंचं दोन हजार. त्यांचं कमी हुईल का?"

"बँक कशाला कमी करेल? तिनं रोख दिलेत. घोंगडी विको न विको, तिचे दोन हजार ते दोन हजारच."

"शेअरचे हजार?"

"ते तुम्ही घातलेलेच आहेत. आधी नफा जाईल. नफा पुरला नसता तर राखीव गेला असता, आणि तोही पुरला नसता तर शेवटी तुमच्या शेअरला हात लागला असता."

त्यानं बोट खाली सरकवत नफ्याच्या ओळीवर आणलं आणि तिथंच थांबला. मी सहाशे खोडून शंभर लिहिले. हजार, दोन हजार, दोनशे आणि शंभर. तेहेतीसशे. दोन्ही बाजू पुन्हा जुळल्या. खोडाखोड झालेला माझा सुंदर कागद भिंतीवर लटकत होता आणि मला रडू यायचं बाकी होतं.

तो विणकर नफ्याच्या ओळीवरचं बोट काढीना. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बुडालं तर आमचं आधी बुडतंय. वाढलं तर आमचंच वाढतंय. बँकंचं हाय तेवढंच." मग त्यानं मान वर केली. मी त्याला इतका सरळ उभा राहिलेला त्यापूर्वी पाहिला नव्हता. "म्हंजी मामा, मालक आमीच की! सरकार न्हाय, सेक्रेटरी न्हाय. मालक आमी!"

"मग इतका येळ काय सांगतुया तो सेक्रेटरी?" मामा म्हणाले.

माझ्या वर्गातल्या एकालाही, खुद्द शिकवणाऱ्यालाही, हे इतक्या नेमकेपणानं म्हणता आलं नव्हतं. मी पहिला आलो होतो, आणि मलाही आलं नव्हतं. कर्ज देणाऱ्याचा आकडा ठरलेला असतो, मालकाचा आकडा म्हणजे उरलेलं. म्हणून जे घटतं-वाढतं ते मालकाच्या ओळीत. मी आयुष्यभर शिकाऊ कारकुनांना हे शिकवलं, आणि कुठून शिकलो ते प्रत्येक वेळी सांगितलं.

बोनसचा ठराव त्यानंच मागं घेतला. "घोंगड्या इकल्यावर बघू," एवढंच म्हणाला. मुलीच्या लग्नाचं काय, असं मी त्याला हळूच विचारलं, तर म्हणाला, "लगीन माझं घर करंल, सोसायटी न्हाय." दिवाळीच्या आधीच्या बाजारांत आणि दोन जत्रांत निम्म्याहून जास्त घोंगड्या गेल्या, कुठं वीसला, कुठं अठराला. हप्ता वेळेवर भरला. त्याची पावती घेऊन मी एसटीतून परत आलो तेव्हा ती खिशात ठेवायला मन होईना, हातातच धरून बसलो होतो.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ठराव झाला, की खोडाखोडीचा हाच कागद ऑडिटरला दाखवायचा. नवीन स्वच्छ लिहून देतो म्हणालो तर मामांनी ऐकलं नाही. "खोडलेलं बी दिसू द्या," म्हणाले. मग हजर सभासदांच्या सह्या आणि अंगठे घ्यायला मी शाईचा पॅड काढला आणि कागदाच्या तळाला रिकामी जागा दाखवली. मोठ्या आवाजाचा विणकर पहिला आला. त्यानं अंगठा शाईत बुडवला, तळाकडं बघितलंही नाही, आणि शेअर भांडवलाच्या ओळीच्या कडेला दाबला. "आमी हितं हाव," म्हणाला. "खाली कशाला?"

मागून एकूण एक तसेच आले. मी कुणाला अडवलं नाही.

महिन्यानं ऑडिटर आले. भिंतीवरून काढलेला कागद त्यांनी टेबलावर पसरला, घोंगड्यांचा हिशेब पुन्हा तपासला, बरोबर म्हणाले. मग चष्मा वर करून डाव्या बाजूच्या त्या ओळीकडं बघत राहिले. आकडा नीट दिसत नव्हता इतके अंगठे तिथं उमटले होते. "हा काय डाग पाडलात?" त्यांनी विचारलं.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, मालकांच्या सह्या आहेत."